व्हेप ओढणाऱ्या मुलाला आईचं पत्र

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू स्वतःहून सांगितलंस की गेल्या वर्षापासून तू व्हेप ओढतोयस. तेव्हा मी फार बोलले नाही, कारण काळजीच्या भरात तोंडातून भलतंच निघालं असतं. आता शांतपणे लिहिते आहे. तू माझ्यापासून लपवलं नाहीस, याचं मोल मला कळतं. म्हणून शपथ वगैरे घालणार नाही. आपलं मेडिकल चालवताना फार्मासिस्ट म्हणून निकोटिनबद्दल जे शिकले आणि पाहिलं, ते तुझ्यापुढे ठेवते. ते वाचून तूच ठरव.

तू म्हणालास, ‘आई, ही सिगारेट नाही. इथले डॉक्टरही सिगारेट सोडायला व्हेप सुचवतात.’ हे खरं आहे. सिगारेटमध्ये तंबाखू जळतो, त्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसात जातो. व्हेपमध्ये काही जळत नाही. बॅटरी एक छोटी तार तापवते, तिला आपण कॉइल म्हणतो. तिच्याभोवतीच्या कापसात मुरलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वासाची रसायनं यांचं त्या उष्णतेने धुकं होतं आणि तेच तू ओढतोस. सिगारेट ओढणारा माणूस पूर्णपणे व्हेपवर आला तर त्याचा धोका बराच कमी होतो, असं ब्रिटनची आरोग्यसेवा एनएचएस सांगते. पण तीच एनएचएस हेही सांगते की जो सिगारेट ओढतच नाही त्याने व्हेपला हात लावू नये. तू घरून गेलास तेव्हा सिगारेटही ओढत नव्हतास. सिगारेटवरून व्हेपवर येणारा मोठ्या धोक्यातून लहान धोक्यात येतो. तू मात्र काहीच धोका नव्हता तिथून इथे आलास. तेव्हा तो सल्ला तुला लागू होत नाही.

आता तुझ्या पॉडचा हिशेब करू. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे एका पॉडमध्ये जास्तीत जास्त 2 मिलिलिटर लिक्विड असतं आणि दर मिलिलिटरला जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम निकोटिन. तू 20 चीच पॉड वापरतोस आणि ती दोन दिवसांत संपते, असं म्हणालास. म्हणजे पॉडमध्ये 40 आणि दिवसाला 20 मिलिग्रॅम. ते सगळं रक्तात उतरत नाही, पण निम्मं उतरलं असं धरलं तरी 10 मिलिग्रॅम होतं. एका सिगारेटमधून साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन शरीरात जातं. म्हणजे निकोटिनपुरतं पाहिलं तर तू दिवसाला सात ते दहा सिगारेटींच्या घरात आहेस.

एवढं निकोटिन घशाला लागत कसं नाही, असा प्रश्न तुला पडला असेल. साधं निकोटिन इतकं तीव्र असतं की एवढ्या प्रमाणात ओढलं तर घसा जळतो आणि माणूस खोकून बाजूला होतो. आता त्यात बेन्झोइक आम्लासारखं आम्ल मिसळून निकोटिनचा क्षार करतात. त्याने ते घशाला सौम्य लागतं, वरून आंब्याचा किंवा पुदिन्याचा स्वाद असतोच. पुरे, आता थांब, असं सांगणारा घशातला पहारेकरी त्यामुळे झोपी जातो. शिवाय सिगारेट विझते, तशी ही कुठे संपत नाही. एक झुरका घेऊन खिशात टाकायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा काढायची.

‘अभ्यासाचा ताण आला की बरं वाटतं,’ हे तुझं वाक्य माझ्या मनात घोळतंय. त्यामागे काय घडतं ते समजून घे. झुरका घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं, तिथल्या ग्राहकांवर बसतं आणि आनंद देणारं डोपामिन सुटतं. रोज असं होऊ लागलं की मेंदू त्या ग्राहकांची संख्या वाढवतो. मग निकोटिन उतरलं की ते रिकामे ग्राहक बोंब मारतात. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, हुरहुर वाटते. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. आठ तासांच्या झोपेत ते चार वेळा निम्मं होतं, म्हणजे सकाळी सोळावा हिस्सा उरतो. सकाळी उठल्या उठल्या जो ताण जाणवतो त्यात परीक्षेचा भाग थोडा आणि त्या सोळाव्या हिश्शाचा मोठा असतो. पहिल्या झुरक्याने जो ताण जातो, तो आदल्या रात्रीच्या झुरक्याने आणलेला असतो.

हे मी आपल्या घरातच पाहिलंय. तुझी पणजी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची आणि सकाळी ती दातांना लावायची. मशेरी लावल्याशिवाय तिचं डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, कामाला हात लागायचा नाही. मशेरीनेच आपल्याला काम सुचतं, असं ती शेवटपर्यंत मानत राहिली. तुझी पॉड आणि तिची डबी यांत वास वेगळा आहे, निकोटिन तेच आहे. तिला हे समजावून सांगणारं कुणी नव्हतं. तू जीवशास्त्र शिकलेला आहेस.

सवय कुठवर गेली आहे हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिला झुरका लागतो का? रात्री जाग आली की हात उशाशी जातो का? तासभराच्या लेक्चरमध्ये मध्येच बाहेर जावंसं वाटतं का? बॅटरी संपत आली की जीव कासावीस होतो का? यांतल्या दोन गोष्टी जरी खऱ्या असतील तर ही मौज राहिलेली नाही, अवलंबन झालं आहे. उत्तर मला कळवायलाच हवं असं नाही. स्वतःला मात्र खरं दे.

आणखी एक. तुझ्याकडे जून 2025 पासून एकदाच वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली. तरी बेकायदा माल मिळतोच. डबीवर हजारो झुरक्यांची जाहिरात असेल, टाकी 2 मिलिलिटरपेक्षा मोठी असेल किंवा निकोटिनचा इशारा छापलेला नसेल, तर ती घेऊ नकोस. मित्राने दिलेलं अनोळखी लिक्विडही नको. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना अचानक इजा होण्याची साथ आली. 2,800 हून अधिक जण रुग्णालयात गेले, 68 दगावले. गांजाच्या अर्काच्या लिक्विडमध्ये दाटपणासाठी मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्याचं मुख्य कारण निघालं आणि त्यातला बराच माल असा हातोहात आलेला होता. छातीत दुखलं, धाप लागली, खोकला थांबेना, तर डॉक्टरकडे जा आणि व्हेप ओढतो हे त्यांना आधी सांग.

आता सोडायचं कसं. एका दिवशी सगळं फेकून द्यायचं हाही मार्ग आहे, पण तुझं प्रमाण पाहता मी पायऱ्यांनी उतरायला सांगेन. आधी पॉड भरता येणारं यंत्र घे, कारण बाटलीतलं लिक्विड कमी-कमी ताकदीचं मिळतं. 20 वरून 10 वर ये आणि दोन-तीन आठवडे तिथेच थांब. इथे एक फसगत होते. ताकद कमी झाली की माणूस नकळत लांब झुरके घेतो, जास्त वेळा घेतो आणि रक्तातलं निकोटिन होतं तेवढंच राहतं. तुझी पॉड दोन दिवसांऐवजी एका दिवसात संपू लागली, तर तसंच होतंय असं समज. म्हणून वेळा आणि जागा बांधून घे. खोलीत नाही, बिछान्यात तर नाहीच, फक्त बाहेर जाऊन. थंडीत उठून, कोट चढवून बाहेर जावं लागलं की निम्मे झुरके आपोआप गळतात. सकाळचा पहिला झुरका दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी पुढे ढकल. मग 6, मग 3, मग शून्य.

शून्यावर आल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. नंतर त्रास ओसरत जातो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक शमतो. म्हणून तो दिवस परीक्षेच्या आठवड्यात धरू नकोस. तलफ आली की ती काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी पी, जिना चढ-उतर कर, मला फोन कर. नाहीच झेपलं तर निकोटिनचा पॅच किंवा गम आहे. त्यातून निकोटिन सावकाश मिळतं, तो झटका बसत नाही. मात्रा तिथल्या फार्मासिस्टला विचारून घे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माझ्याकडे काउंटरवर लोक रोज विचारायला येतात. एक मात्र सांभाळ. व्हेप हाताशी नाही म्हणून पार्टीत कुणाची सिगारेट घेऊ नकोस. तो सौदा सगळ्यात महागात जातो.

डिसेंबरमध्ये तू घरी येशील. येताना व्हेप आणू नकोस. 2019 च्या कायद्याने आपल्या देशात ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळं बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विमानातही ती ओढता येत नाही. तोवर तू 3 पर्यंत किंवा शून्यावर उतरला असलास तर तो प्रवास सहज पार पडेल. नसलास तरी ये. घराचं दार त्यावर अवलंबून नाही.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही, ते तुझ्या तोंडून त्यांना कळावं. रोज विचारून तुला छळणार नाही. एवढंच मागते की हातातली पॉड संपली की पुढचं लिक्विड 10 चं घे. जमलं तर कळव, मध्ये घसरलास तर तेही तितक्याच सरळपणे कळव. आपण हिशेब पुन्हा मांडू.

तुझी,
आई