नफातोट्याच्या पत्रकाबाहेरचे उत्पन्न

कोणत्याही कंपनीच्या दोन लागोपाठच्या ताळेबंदांत भागधारकनिधीचे, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता भागधारकांच्या वाट्याला उरणाऱ्या रकमेचे, दोन आकडे असतात. त्या दोहोंतील अंतर वर्षाच्या नफ्याइतकेच असेल अशी सामान्य वाचकाची समजूत असते. पण तसे क्वचितच घडते. हे अंतर तीन वाटांनी पडते: नफातोट्याच्या पत्रकातील नफा, भागधारकांशी झालेली देवघेव आणि ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्न’ या नावाने ओळखला जाणारा तिसरा भाग. या तिन्ही वाटा ज्या कोष्टकात शेजारी शेजारी मांडल्या जातात, ते भागधारकनिधीतील बदलांचे पत्रक होय.

तिसऱ्या भागाचे नाव काहीसे दिशाभूल करणारे आहे. ‘इतर’ हे विशेषण ‘उत्पन्न’ या नामाला लावून वाचले, तर ते नफातोट्याच्या पत्रकातील ‘इतर उत्पन्न’ या शीर्षकाशी, म्हणजे व्याज, भाडे, लाभांश यांच्याशी, एकरूप भासते. वस्तुतः येथील समास वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. सर्वसमावेशक उत्पन्न हे संपूर्ण आहे. त्याचा एक भाग नफा आणि नफ्याव्यतिरिक्त उरलेला तो ‘इतर’ भाग. ‘उत्पन्न’ असे म्हटले तरी तो भाग ऋणही असू शकतो, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातील धारूर येथे सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारी एक कंपनी आहे. एका मोठ्या नोंदणीकृत कंपनीची ती दुय्यम कंपनी असल्यामुळे तिला नवी भारतीय लेखा मानके लागू आहेत. वर्षारंभी तिचा भागधारकनिधी १,००० लाख रुपये होता आणि वर्षअखेर तो १,१३० लाख झाला. नफा मात्र ६० लाखच आहे. भागधारकांनी नवे भाग घेऊन ५० लाख आणले आणि २० लाख लाभांश म्हणून नेले. एवढ्याने हिशेब १,०९० लाखांपर्यंत पोहोचतो. उरलेले ४० लाख तिसऱ्या वाटेने आले: १०० लाखांस घेतलेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या समभागांचे मूल्य १५५ लाख झाले, आणि कामगारांच्या उपदानाच्या देण्याचा अंदाज व्याजदर उतरल्यामुळे १५ लाखांनी वाढला. ५५ अधिक आणि १५ उणे मिळून ४०. करांचा विचार सोयीसाठी येथे वगळला आहे.

हे समभाग नफ्याच्या वाटेने का आले नाहीत? ते दीर्घकाळ ठेवण्यासाठी घेतलेले असून, घेतेवेळीच कंपनीने त्यांच्या मूल्यातील चढउतार नफ्याबाहेर नोंदविण्याचा पर्याय स्वीकारला होता. हा पर्याय एकदा स्वीकारला की मागे घेता येत नाही, आणि व्यापारासाठी घेतलेल्या समभागांना तो मिळत नाही. पुढील वर्षी हे समभाग १७० लाखांना विकले, असे समजू. आणखी १५ लाख इतर सर्वसमावेशक उत्पन्नात जातील. एकूण ७० लाखांचा लाभ रोख हाती आला, तरी नफातोट्याच्या पत्रकाला त्याची वार्ताही नसेल. कंपनी ही रक्कम निधीच्या एका स्तंभातून उचलून संचित नफ्याच्या स्तंभात ठेवू शकते. तेव्हा एका स्तंभात ७० उणे, दुसऱ्यात ७० अधिक आणि बेरजेत शून्य अशी एक ओळ उमटते. संचित नफा वर्षाच्या नफ्यापेक्षा एकाएकी जास्त वाढलेला दिसला, तर वाचकाने प्रथम हीच ओळ शोधावी.

सगळ्याच बाबींची गत अशी नसते. काही रकमा इतर सर्वसमावेशक उत्पन्नात केवळ थांबलेल्या असतात आणि योग्य वेळी नफ्यात परततात. यास पुनर्वर्गीकरण म्हणतात. काही मात्र कधीच परतत नाहीत. हा भेद न ओळखता केवळ बेरीज वाचली, तर अर्थ हुकतो. टाटा मोटर्सचे २०१६-१७ हे वर्ष याचे ठळक उदाहरण आहे. मुंबईत नोंदणीकृत कार्यालय असलेल्या या कंपनीने २००८ साली ब्रिटनमधील जग्वार लँड रोव्हर विकत घेतली होती. त्या वर्षी तिचा एकत्रित नफा सुमारे साडेसात हजार कोटी रुपये होता. तरीही वर्षअखेर भागधारकनिधी वाढण्याऐवजी घटला. कारण नफातोट्याच्या पत्रकाबाहेर होते.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि पौंड घसरला. त्याचे आघात तीन ठिकाणी झाले. जग्वार लँड रोव्हर मोटारी विकून डॉलर मिळविते. ते डॉलर पुढे कोणत्या दराने पौंडांत बदलायचे याचे करार तिने आगाऊ केलेले होते. पौंड उतरताच जुन्या दराचे करार तोट्याचे ठरले. परंतु ज्या विक्रीसाठी ते केले होते ती विक्री व्हायची होती. म्हणून तोट्याचा परिणामकारक भाग राखीव निधीत थांबला. पुढे त्या मोटारी विकल्या गेल्या की तोही नफातोट्यात येतो आणि विक्रीचे डॉलर अधिक पौंड देतात, त्याच्याशी त्याची भरपाई होते. दुसरा आघात निवृत्तिवेतनाच्या देण्यांवर झाला. कर्जरोख्यांवरील व्याज उतरल्याने त्यांचे आजचे मूल्य वाढले. हा तोटा मात्र नफ्यात कधीच परतणार नाही. तिसरा आघात रूपांतराचा. पौंडांतील निव्वळ मालमत्ता रुपयांत मोजताच लहान दिसू लागली. हा फरक ती परदेशी कंपनी विकली जाईल तेव्हाच नफातोट्यात येईल.

एकाच घटनेतून निघालेले, एकाच शीर्षकाखाली बसलेले हे तीन तोटे. पहिला काही वर्षांत नफ्यात परतणारा, दुसरा कधीही न परतणारा, तिसरा बहुधा दूरच्या भविष्यात परतणारा. म्हणूनच मानकांनी या शीर्षकाचे दोन गट पाडण्याची सक्ती केली आहे: नफ्यात पुनर्वर्गीकृत होणाऱ्या बाबी आणि न होणाऱ्या बाबी. प्रत्येक गटावरील करही स्वतंत्र दाखवावा लागतो. दरभागी उत्पन्नाचा आकडा मात्र केवळ नफ्यावरून निघतो. पौंडाने घेतलेला घास त्यात उमटत नाही.

याचा व्यवहारातील परिणाम लाभांशापाशी दिसतो. कंपनी कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार लाभांशासाठी नफा मोजताना प्रत्यक्षात न आलेला किंवा केवळ मूल्यमापनाने वाढलेला लाभ वगळावा लागतो. धारूरच्या उदाहरणात समभाग विकण्यापूर्वीचे ५५ लाख निधीत दिसतात. वाटता मात्र येत नाहीत.

या मांडणीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. नवी मानके १ एप्रिल २०१६ पासून ५०० कोटी व त्याहून अधिक निव्वळ मूल्याच्या कंपन्यांना लागू झाली. १ एप्रिल २०१७ पासून त्यांत इतर नोंदणीकृत कंपन्या आणि २५० कोटी व त्याहून अधिक निव्वळ मूल्याच्या अनोंदणीकृत कंपन्या आल्या. त्यांच्या दुय्यम कंपन्याही ओघानेच आल्या. जुन्या मानकांवर चालणाऱ्या एखाद्या स्वतंत्र जिनिंग कारखान्याच्या हिशेबात ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्न’ हे शीर्षकच नसते. उपदानाचे वाढलेले १५ लाख तेथे थेट नफ्यातून वजा होतात आणि दीर्घ मुदतीच्या समभागांची वाढ विकेपर्यंत नोंदविलीच जात नाही. त्याच व्यवहारांवर त्या कारखान्याचा नफा ६० ऐवजी ४५ लाख दिसेल. दोन कारखान्यांच्या नफ्यांची तुलना करण्यापूर्वी कोणत्या मानकांनी तो मोजला आहे हे पाहणे, आणि त्यानंतर निधीतील बदलांचे पत्रक ओळीओळीने वाचणे, हाच त्यावर उपाय आहे.