लहान बाथरूम, मोठी टाइल

चार फूट रुंद आणि सात फूट लांब बाथरूमला दोन बाय चार फुटांच्या टाइल्स लावायच्या म्हटले की बरेच मिस्त्री आधी नाही म्हणतात. टाइल मोठी असली की सांधे कमी होतात, भिंत सलग दिसते आणि घासायला सोपी जाते. पण सांधे मोजकेच असल्यामुळे चुकलेला प्रत्येक सांधा डोळ्यांत भरतो. म्हणून टाइल भिंतीला लागण्याआधी आखणी कागदावर पूर्ण झालेली हवी.

एक उदाहरण घेऊ. प्लास्टर झाल्यावर आखूड भिंत १२१० मिलिमीटर भरली, लांब भिंत २११० मिलिमीटर. टाइल ६०० बाय १२०० ची, उभी लावायची, सांधा ३ मिलिमीटरचा. आखूड भिंतीवर दोन टाइल्स आणि मधला सांधा मिळून १२०३ होतात. उरतात ७ मिलिमीटर. एवढी बारीक पट्टी कापता येत नाही आणि कापली तरी वाईट दिसते.

इथे क्रम बदलला की प्रश्न सुटतो. लांब भिंती आधी करायच्या. टाइलची जाडी ९ आणि अॅडहेसिव्हचा थर ५ धरला, तर दोन्ही बाजूंनी १४-१४ मिलिमीटर जागा भरते आणि आखूड भिंत ११८२ उरते. मधला सांधा आणि दोन कोपऱ्यांतल्या फटी मिळून ९ वजा केले की दोन्ही टाइल्स ५८६ च्या निघतात. म्हणजे प्रत्येक टाइल जेमतेम १४ मिलिमीटर कापायची आणि कापलेली कड कोपऱ्याकडे ठेवायची. लांब भिंतीवर मध्यभागी दोन अखंड टाइल्स आणि दोन्ही टोकांना साधारण ४५० चे तुकडे येतात. एका टोकाला ३०० चा तुकडा टाकण्यापेक्षा ही मांडणी नेटकी दिसते.

हे माप एकाच उंचीवर घेऊन भागत नाही. भिंत ओळंब्यात नसेल तर वर ११८२ आणि खाली ११७५ असा फरक येतो. वर, मध्ये आणि खाली माप घ्या, आणि कोपऱ्यातली टाइल त्या तिरक्या रेषेने कापा.

चौदा मिलिमीटरची पट्टी रेघ मारून तोडायला गेले तर टाइल वेडीवाकडी फुटते. अशी पट्टी डायमंड ब्लेडने, पाणी सोडत कापावी. नळासाठी गोल भोकच पाडावे. इंग्रजी एल आकाराचा काप घ्यायचा असेल तर आतल्या कोपऱ्यात आधी ड्रिलने भोक पाडून मग काप घ्यावा. कोपरा टोकदार राहिला की तडा तिथूनच धावतो.

कडा वरखाली होण्याची कारणे दोन. पहिले म्हणजे भिंतच सपाट नसते. मोठ्या टाइलसाठी दहा फुटांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार नको. अॅल्युमिनियमची लांब पट्टी फिरवून हे तपासावे आणि खड्डे प्लास्टरनेच भरावेत. लेव्हलिंग क्लिप शेजारच्या कडा एका पातळीत धरते, पण भिंतीचा खड्डा बुजवत नाही. क्लिपने टाइल जबरदस्तीने ओढली तर मागे पोकळी राहते. दुसरे म्हणजे लांब टाइल मधोमध किंचित फुगीर असते. विटांसारखे अर्ध्यावर सांधे दिले तर एकीचा उंच मध्य दुसरीच्या खालच्या टोकाशेजारी येतो. म्हणून सांधे सरळ रेषेत ठेवावेत किंवा सरकवायचे तर लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवू नयेत.

सिमेंटचे पाच थापे देऊन टाइल दाबण्याची जुनी पद्धत इथे चालत नाही. दातेरी थापीने भिंतीवर एकाच दिशेने रेघा ओढाव्यात, टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवावा. पहिली टाइल बसवली की लगेच काढून पाहावी. पाठ सगळीकडे भरलेली दिसली तरच पुढे जावे.

जमिनीवर मात्र मोठी टाइल अडचणीची. चारही बाजूंनी जाळीकडे उतार द्यायचा तर टाइल कर्णात कापावी लागते. भिंतीलगत लांब जाळी घेतली तर उतार एकाच दिशेने देता येतो. ८० ला १ या हिशेबाने २११० मिलिमीटरमध्ये तो सुमारे २६ मिलिमीटर होतो. नाहीतर जमिनीला सरळ लहान टाइल लावावी.

सांधा बुजवून टाकण्याचा हट्ट धरू नये. टाइल्सच्या मापात बारीक फरक असतो, तो ३ मिलिमीटरच्या सांध्यात जिरतो. ग्राउटचा रंग टाइलशी जुळता घ्यावा. ओल्या जागी इपॉक्सी ग्राउट पाणी शोषत नाही, पण घट्ट होण्याआधीच पुसावे लागते. कोपऱ्यांत ग्राउट भरू नये. दोन भिंती वेगवेगळ्या हलतात आणि कडक ग्राउट तडकते. तिथे त्याच रंगाचा सिलिकॉन घालावा.

ग्राउट भरण्याआधी प्रत्येक टाइल टोचून पाहा आणि सांध्यांवरून नख फिरवा. पोकळ आवाज आला किंवा नख अडकले, तर ती टाइल त्याच वेळी काढायला सांगा. मिस्त्रीचे शेवटचे पैसे ही तपासणी झाल्यावरच द्या.