पत्ते आधी पालथे

एका पतसंस्थेसाठी मोबाईल अ‍ॅप बनवणारी सहा जणांची टीम आहे असं समजू. पुढच्या पंधरवड्यात कुठली कामं घ्यायची हे ठरवायला सगळे बसले आहेत. समोर आलेलं काम एका वाक्याचं आहे: ठेवीदाराला मुदत ठेव मुदतीआधी अ‍ॅपवरूनच मोडता यावी. किती मोठं आहे हे काम? टीममधला सगळ्यांत जुना प्रोग्रामर लगेच म्हणतो, “यात काय आहे? तीन.” शेजारचा म्हणतो, “तीन, फार तर पाच.” पुढचे दोघे पाच म्हणतात. टेस्टर मुलीच्या मनात तेराचा आकडा होता, पण आता तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकत असेल. तीही पाचच म्हणते. वहीत पाच लिहिलं जातं आणि सगळे खूश.

सहा जणांना विचारलं, पण उत्तर एकाचंच मिळालं. बाकीच्यांनी त्याच्या आकड्यात थोडी भर घातली, एवढंच.

हे टाळण्यासाठी सॉफ्टवेअरवाल्यांनी एक साधा उपाय काढला आहे. त्याला ते प्लॅनिंग पोकर म्हणतात. अमेरिकेतल्या जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 साली एका छोट्या टिपणात तो मांडला आणि माईक कोन यांच्या पुस्तकामुळे तो जगभर पोचला. प्रत्येकाच्या हातात आकड्यांच्या पत्त्यांचा एक संच असतो: 0, ½, 1, 2, 3, 5, 8, 13, 20, 40, 100. ‘मला काहीच अंदाज नाही’ म्हणणाऱ्यासाठी प्रश्नचिन्हाचा पत्ता असतो, आणि दमलेल्यांसाठी चहा-कॉफीच्या कपाचाही. काम वाचून दाखवतात, शंका विचारून होतात, मग प्रत्येक जण आपला पत्ता निवडून टेबलावर पालथा ठेवतो. सगळ्यांचे ठेवून झाले की एकदम उलटायचे. तोपर्यंत कुणी आकडा उच्चारायचा नाही.

हे आकडे तासांचे किंवा दिवसांचे नसतात. टीमने आधी केलेलं, सगळ्यांच्या ओळखीचं एखादं काम माप म्हणून धरलेलं असतं. खात्यातली शिल्लक दाखवणारा स्क्रीन म्हणजे 2, असं ठरलं असेल तर 8 म्हणजे त्याच्या साधारण चौपट. पत्त्यांमध्ये 6 नाही, 7 नाही आणि वर जावं तशा फटी रुंदावत जातात, ते मुद्दाम. काम जितकं मोठं तितका अंदाज ढोबळ असणार. तिथे 17 की 18 यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता तीच ठेव मोडण्याची गोष्ट पत्त्यांनिशी करून पाहू. पत्ते उलटले: 3, 5, 5, 5, 8, 13. रिवाज असा की आधी दोन टोकांनी बोलायचं. टेस्टर म्हणते, “ठेव नवरा-बायकोच्या नावावर असली तर? दोघांची संमती कशी घेणार? आणि ठेवीवर कर्ज काढलेलं असलं तर ती मोडू द्यायचीच नाही ना? शिवाय दर तिमाहीला जास्त दराने व्याज देऊन बसलोय. मुदतीआधी मोडली की दर उतरतो, मग जास्तीचं व्याज मुद्दलातून वळतं करायला लागणार. तो सगळा हिशोब लिहायचाय.” जुना प्रोग्रामर म्हणतो, “तो हिशोब शाखेतल्या सॉफ्टवेअरमध्ये आहेच, आपण फक्त तिथून मागवायचा. म्हणून मी तीन म्हटलं. पण दोन नावांचं माझ्या डोक्यातच नव्हतं.”

दोघांनाही दुसऱ्याला ठाऊक असलेली एकेक गोष्ट माहीत नव्हती. पुन्हा पत्ते टाकले तेव्हा चार जणांनी 8 टाकला, दोघांनी 5. मग कुणीतरी सुचवलं की संयुक्त नावाच्या आणि तारण ठेवलेल्या ठेवी सध्या शाखेतच मोडू द्याव्यात, अ‍ॅपने तसं सांगावं आणि थांबावं. उरलेलं काम सगळ्यांच्या मते 5.

म्हणजे शेवटी वहीत पाचच आले! पण पहिल्या बैठकीतल्या पाचात दोन नावांचा प्रश्न दडलेला होता आणि तो काम अर्धं झाल्यावर वर आला असता. सहाही आकड्यांची सरासरी काढून मोकळं होण्याला जाणकार विरोध करतात तो यासाठीच. इथली सरासरी साडेसहा आली असती आणि तेरा का, हे कुणी विचारलंच नसतं.

पत्ते पालथेच का ठेवायचे, याचं उत्तर मानसशास्त्रात आहे. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी 1974 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. शून्य ते शंभर आकड्यांचं एक चक्र लोकांसमोर फिरवलं जाई. ते मुळातच असं केलेलं होतं की 10 वर किंवा 65 वरच थांबावं. मग प्रश्न: संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देशांचं प्रमाण या आकड्यापेक्षा जास्त की कमी, आणि नेमकं किती टक्के? 10 पाहिलेल्यांच्या उत्तरांचा मध्य 25 आला, 65 पाहिलेल्यांचा 45. चक्राचा त्या देशांशी काडीचा संबंध नव्हता, तरी मन त्या आकड्यापासून निघालं आणि जेमतेम थोडं सरकून थांबलं. अचूक उत्तराला बक्षीस ठेवलं तरी परिणाम कमी झाला नाही.

टीममध्ये तर पहिला आकडा चक्रातून नाही, जाणत्या माणसाच्या तोंडून येतो. त्यामुळे या ओढीत भीडही मिसळते. ‘सर म्हणतायत तर असेल’ ही भीड सभ्यपणा शिकवून जात नाही, पण पालथ्या पत्त्यापुढे तिला जागाच उरत नाही. तेरा टाकताना टेस्टरला कुणाच्या विरोधात बोलावं लागलं नाही. पत्ता उलटल्यावर नियमानेच तिला बोलायला लावलं.

मात्र हे संरक्षण पहिल्या फेरीपुरतंच असतं. दुसऱ्या फेरीत सगळ्यांनी सगळ्यांचे आकडे पाहिलेले असतात, त्यामुळे तिथल्या एकमतातलं किती पटल्यामुळे आणि किती कंटाळ्यामुळे, हे सांगणं कठीण. म्हणून मला पहिल्या फेरीतली फाकलेली उत्तरंच जास्त मोलाची वाटतात. महिनोन्‌महिने पहिल्याच फेरीत सगळ्यांचा आकडा एक येत असेल, तर टीम फार हुशार आहे असं समजू नये. बहुधा कुठूनतरी आकडा आधीच फुटतो आहे. कुणी पत्ता अर्धा क्षण उशिरा उलटत असेल, ऑनलाईन बैठकीत कुणी चॅटमध्ये आधीच बोलून जात असेल, किंवा काम वाचून दाखवणाराच “हे एक छोटंसं आहे” अशी सुरुवात करत असेल. ‘छोटंसं’ हाही आकडाच आहे. मॅनेजरचं “दिवाळीआधी हवंय” हा तर त्याहून मोठा. तारीख खरी असेलही, ती लपवायची नाही, पण ती पत्ते उलटल्यानंतर सांगावी.

आणखी एक मर्यादा पत्त्यांना ओलांडता येत नाही. संयुक्त ठेवीचा त्रास टीममध्ये एकीला माहीत होता म्हणून तेरा आला. तो कुणालाच माहीत नसता, तर सहाही जणांनी अगदी स्वतंत्रपणे, एकमेकांकडे न बघता, तीन किंवा पाच टाकले असते. त्यासाठी शाखेत ठेवी मोडून देणाऱ्या कारकुनाला बैठकीत बोलवावं लागतं. तो पत्ता टाकत नाही, पत्ते निवडायच्या आधी प्रश्नांना उत्तरं देतो.