अपगार ४, मग ८ : जन्माच्या पहिल्या तासात बाळाचं नेमकं काय बघतात?

बाळ-बाळंतीण घरी आली की डिस्चार्ज कार्ड घरभर फिरतं. वजन सगळ्यांना कळतं, जन्मवेळ पत्रिकेसाठी लिहून घेतली जाते. मग एका ओळीवर नजर अडकते : ‘अपगार ४, ८’. लगेच कुणीतरी विचारतं, “चारच का? बाळ मंद तर नाही ना होणार?”

तर नाही. हे मार्क हुशारीचे नाहीत. ते कशाचे आहेत आणि ते चांगले पडल्यावरही पहिल्या तासात बाळ अडचणीत कसं येऊ शकतं, हे एका बाळाच्या उदाहरणावरून बघू.

समजा, जुलैची रात्र आहे. कोलाड परिसरातल्या एका वाडीवरची बाई जवळच्या सरकारी दवाखान्यात बाळंत होते. बाहेर धो धो पाऊस. दिवस पूर्ण भरायला महिना बाकी होता, बाळाचं वजन २ किलो ३०० ग्रॅम. अडीच किलोपेक्षा कमी म्हणजे कमी वजनाचं बाळ. आणि जन्मल्यावर ते रडत नाही.

पहिलं मिनिट : आधी काम, मार्क नंतर

लोकांना वाटतं की नर्स आधी मार्क देते आणि कमी पडले की उपचार सुरू होतात. प्रत्यक्षात मार्क एक मिनिट झाल्यावर देतात. तोपर्यंत हात बांधून बसलं तर बाळ हातचं जाईल.

म्हणून नर्स एकच प्रश्न विचारते : बाळ रडतंय का, नीट श्वास घेतंय का? उत्तर ‘हो’ असेल तर बाळ थेट आईच्या पोटावर जातं आणि नाळ एक ते तीन मिनिटांनी कापतात, म्हणजे वारेतलं रक्त बाळाला मिळतं.

आपल्या बाळाचं उत्तर ‘नाही’ आहे. नर्स त्याला कोरड्या, गरम फडक्याने पुसते. पुसताना पाठ चोळली जाते, तेवढ्यानेच बरीच बाळं रडतात. हे रडत नाही. मग नाळ लगेच कापून त्याला वॉर्मरखाली घेतात, मान किंचित मागे करून श्वासाची वाट सरळ ठेवतात, तोंडात घाण असेल तर आधी तोंड आणि मग नाक साफ करतात. तरी श्वास नाही, म्हणून तोंडा-नाकावर मास्क बसवून फुग्यासारखी पिशवी दाबत हवा देतात. मिनिटाला ४० ते ६० वेळा. हे पहिल्या ६० सेकंदांत सुरू व्हावं लागतं.

हवा पोचतेय हे कसं कळतं? छाती हलकेच वर येते. येत नसेल तर बहुतेक वेळा मास्क सैल बसलेला असतो किंवा मान चुकीची वळलेली असते. उलटं टांगणं, पाठीत धपाटे, गार पाण्याचे शिपके, हे जुने उपाय फुप्फुसात हवा नेत नाहीत. त्यात वेळ जातो आणि बाळ गार पडतं.

२००९ पासून देशात ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ सुरू आहे. त्यात प्रसूती करणाऱ्या डॉक्टर आणि नर्सना हेच शिकवलं जातं.

मग ते ४ आणि ८ आले कुठून?

डॉ. व्हर्जिनिया अपगार या न्यूयॉर्कमधल्या भूलतज्ज्ञ. त्यांनी १९५३ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला ०, १ किंवा २ मार्क. एकदा पहिल्या मिनिटाला, पुन्हा पाचव्या मिनिटाला.

आपल्या बाळाचा पहिल्या मिनिटाचा हिशोब असा :

- हृदयाचे ठोके : मिनिटाला ९०. शंभरच्या खाली, म्हणून १. (सहा सेकंद मोजून दहाने गुणतात.)
- श्वास : स्वतःहून मध्येच एखादा आचका. १.
- अंगातला जोर : हात-पाय जरासे दुमडलेले. १.
- चाळवल्यावर प्रतिसाद : फक्त तोंड वाकडं केलं. १.
- रंग : सगळं अंग निळसर. ०.

एकूण ४. पिशवीने हवा देणं चालूच आहे. पाचव्या मिनिटाला ठोके १३० म्हणून २, जोरात रडणं २, जोर अजून कमी म्हणून १, चाळवल्यावर रडलं म्हणून २, अंग गुलाबी पण हात-पाय निळसर म्हणून १. एकूण ८.

म्हणजे हा आकडा सांगतो की बाळाला जन्मताना त्रास झाला आणि मदतीला त्याने चांगली साथ दिली. पाचव्या मिनिटाला ७ किंवा जास्त असेल तर समाधानकारक मानतात. कमी असेल तर दर पाच मिनिटांनी, विसाव्या मिनिटापर्यंत पुन्हा मोजतात. आणि पहिल्या दिवशी हात-पाय निळसर असणं सर्रास दिसतं, त्यामुळे १० पैकी १० फार कमी बाळांना पडतात. सावळ्या बाळाचा रंग कातडीवरून नीट कळत नाही, तिथे जीभ आणि ओठांच्या आतली बाजू बघतात.

पण या पाच गोष्टींत एक गोष्ट नाहीच : बाळाचं तापमान.

खरा घोळ अर्ध्या तासाने होतो

बाळ रडलं, सगळे खूश झाले. अर्ध्या तासाने नर्स पाठीमागून हात लावते. पोट गरम, पण तळपाय गार. काखेत थर्मामीटर ३६.१ अंश सेल्सिअस दाखवतो. हवं होतं ३६.५ ते ३७.५.

जुलैत कोकणात कुठली आली थंडी? पण बाळ ३७ अंशांच्या पोटातून ओलं बाहेर येतं. अंगावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, जसं भर उन्हातही अंघोळीनंतर पंख्याखाली कुडकुडायला होतं. पुसलं नाही तर पहिल्या दहा-वीस मिनिटांत बाळाचं तापमान दोन ते चार अंश उतरू शकतं. बाळाला आपल्यासारखं थरथरून ऊब करता येत नाही. ते पाठीवरची आणि मानेजवळची खास चरबी जाळतं, आणि त्यासाठी साखर आणि ऑक्सिजन खर्च होतो. महिनाभर आधी आलेल्या बाळाकडे ही चरबी आणि साखर दोन्ही कमी.

इथून साखळी सुरू होते. गार पडलं की साखर उतरते. साखर उतरली की बाळ सुस्तावतं, ओढत नाही. ओढलं नाही की दूध पोटात जात नाही, आणि दूध नाही म्हणजे ऊब करायला इंधन नाही. बघणाऱ्याला वाटतं, “किती शांत आहे बाळ, त्रासच देत नाही.”

ही साखळी ओळखायला हाताची मागची बाजू पुरते. पोट आणि तळपाय दोन्ही गरम, तर ठीक. पोट गरम पण पाय गार, तर बाळ ऊब टिकवायला झगडतंय. दोन्ही गार, तर थेट डॉक्टर.

आपल्या बाळासाठी नर्सने काय केलं? पंखा बंद, खिडकी बंद. ओलं फडकं बदललं. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट, आणि तसंच आईच्या उघड्या छातीवर उभं, वरून दोघांवर कोरडं पांघरूण. तासाभराने तापमान ३६.७.

अंघोळ? किमान २४ तास नाही. अंगावरचा पांढरा चिकट थर म्हणजे घाण नव्हे, तो कातडीचं रक्षण करतो. कमी वजनाच्या बाळाची अंघोळ आणखी लांबवतात, नुसतं पुसून घेतात. आणि बंद खोलीत निखाऱ्यांचा शेक नको : धूर बाळाच्या फुप्फुसात जातो.

ऊब आली, आता दूध

बाळ छातीवर असल्याचा दुसरा फायदा म्हणजे ते स्वतःच स्तनाकडे सरकतं. पहिलं दूध तासाभरात मिळायला हवं. ते घट्ट, पिवळसर आणि थोडंच असतं, आणि इथेच घरचे घाबरतात : “दूधच उतरलं नाही, गुळाचं पाणी द्या, मध चाटवा.”

पण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं. चीक तेवढाच असतो आणि त्यात साखर, प्रथिनं आणि रोगाशी लढणारे घटक असतात. मधात असे जंतू असू शकतात जे तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि अंग लुळं पडतं. म्हणून वर्षभर मध नाहीच. गुळाच्या पाण्याने पोट भरतं आणि ओढणं कमी होतं.

आपलं बाळ तोंड लावतं, चार वेळा ओढतं आणि झोपतं. आधी आलेल्या बाळांचं असं होतं. मग नर्स आईला हाताने चीक काढायला शिकवते आणि तो उकळलेल्या वाटी-चमच्याने भरवते. दर दोन तासांनी, बाळाला उठवून. रडण्याची वाट बघत नाहीत, कारण भुकेलं पण अशक्त बाळ रडेलच असं नाही.

दूध पुरतंय का? २४ तासांत काळी शी, दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी, आणि पुढे आठवडाभरात दिवसाला सहा-आठ वेळा लघवी. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, पण दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर कुठेतरी चुकतंय.

हे गावात जमतं का?

जमतं, आणि हे महाराष्ट्रानेच दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं : श्वास देणं, ऊब, दूध, वजन, जंतुसंसर्ग ओळखणं आणि त्यावर औषध. तिसऱ्या वर्षी या गावांतले नवजात मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. २०११ पासून देशभर आशाताई घरी येतात ते याच धर्तीवर : दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी.

पण घरच्या काळजीलाही हद्द आहे. बाळ दूध ओढायचं थांबलं, शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती खोल आत ओढली जाणं, झटके, ऊब देऊनही गार राहणं, ताप, पहिल्याच दिवशी पिवळेपणा, यातलं एकही दिसलं तर १०२ किंवा १०८ ला फोन. कोलाडहून रोहा जवळ आहे, पण अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत तासाभराहून जास्त वेळ जातो. त्या वेळात बाळ आईच्या छातीला लावूनच न्यायचं. पावसाळ्यात रुग्णवाहिकेत दुपट्यात गुंडाळून वेगळं ठेवलेलं बाळ वाटेतच गार पडतं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत मूळ आजाराला आणखी एक जोडला जातो.

आणि कार्डावरचा तो ४? तो पहिल्या मिनिटापुरता होता. घरी आल्यावर बघायचे ते तळपाय.