राजगडावरच्या फोटोत नंतर चिकटवलेला माणूस सावलीवरून कसा ओळखू येतो?

डिसेंबरच्या सुट्टीत ग्रुप राजगडावर जातो. पद्मावती माचीवर बालेकिल्ला मागे ठेवून फोटो निघतो, एकाच्या हातात भगवा असतो. एक मित्र येऊ शकलेला नसतो. मग त्याचा दुसरीकडचा फोटो कापून ग्रुपच्या कडेला उभा केला जातो. कापणी अगदी साफ असते, तरी फोटो बघणारा पहिल्याच नजरेत म्हणतो, ‘हा नंतर चिकटवलाय.’ नेमकं काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही, पण बहुतेक वेळा दोष सावलीचा असतो.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी चार वाजता भोर-वेल्ह्याच्या आकाशात सूर्य नैऋत्येला, क्षितिजापासून साधारण 25 अंशांवर असतो. त्यामुळे सावली ईशान्येकडे पडते आणि तिची लांबी उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त असते. सपाट जमिनीवर 1.6 मीटर उंच माणसाची सावली जवळपास साडेतीन मीटर होते. बालेकिल्ला पद्मावती माचीच्या दक्षिणेला आहे, म्हणजे या फोटोत कॅमेऱ्याचं तोंड दक्षिणेकडे आहे. सूर्य समोर उजवीकडे आहे आणि सगळ्यांच्या सावल्या कॅमेऱ्याकडे, तिरप्या डावीकडे येतात.

यातून एक गोष्ट सावली काढण्याआधीच ठरते. ग्रुपच्या चेहऱ्यांवर थेट ऊन नाही. चेहरे सावलीत आहेत आणि फोटोतल्या उजव्या बाजूच्या खांद्यांवर, केसांवर उन्हाची कड आहे. मित्राचा फोटो भर दुपारी समोरून ऊन असताना काढलेला असेल, तर त्याची सावली कितीही अचूक काढली तरी तो त्या जागी उभा वाटणार नाही. अशा वेळी फोटो बदलणंच बरं. ऊन फक्त उलट्या बाजूने असेल तर फोटो आडवा उलटवता येतो, पण मग टी-शर्टवरची अक्षरं उलटी होतात आणि साडीचा डाव्या खांद्यावरचा पदर उजव्यावर जातो. ही चूक मराठी घरात आजीसुद्धा पकडते.

आता दिशा. इथे बहुतेक जण शेजारच्याची सावली बघतात आणि तिला समांतर दुसरी काढतात. प्रत्यक्षात सगळ्या सावल्या समांतर असतातच, पण फोटोत त्या तशा दिसत नाहीत. रेल्वेचे रूळ दूरवर एकमेकांजवळ येताना दिसतात, तसंच सावल्यांचं होतं. सूर्य अगदी बाजूला असेल तेव्हाच त्या फोटोतही जवळजवळ समांतर राहतात. सूर्य समोर किंवा पाठीमागे असेल तर त्या पंख्यासारख्या पसरतात आणि नक्कल केलेली सावली तिरकी वाटते.

योग्य कोन मूळ फोटोतूनच काढता येतो. ज्यांची पूर्ण सावली दिसते अशा दोन उभ्या गोष्टी निवडायच्या. इथे झेंड्याची सरळ धरलेली काठी आणि कडेचा एक माणूस चालेल. प्रत्येकाच्या माथ्यापासून त्याच माथ्याच्या सावलीपर्यंत रेघ ओढायची आणि ती वर वाढवत न्यायची. दोन्ही रेघा जिथे छेदतील तिथे फोटोच्या हिशेबात सूर्य आहे. या उदाहरणात तो बिंदू चौकटीबाहेर, उजवीकडे वर येईल, म्हणून कॅनव्हास आधी दोन्ही बाजूंना वाढवून घ्यावा. मग पायापासून माथ्याच्या सावलीपर्यंत आणखी दोन रेघा ओढायच्या. त्या क्षितिजावर, सूर्याच्या बरोबर खाली मिळतात. काठी जमिनीला टेकलेली नसेल तर तिच्याऐवजी दुसरा माणूस घ्यावा, कारण या रेघेला जमिनीवरचा पाया लागतो.

नव्या माणसासाठी हेच उलट करायचं. क्षितिजावरच्या बिंदूपासून त्याच्या पायातून एक रेघ पुढे काढायची, सूर्याच्या बिंदूपासून डोक्यातून दुसरी. दोन्ही जिथे छेदतात तिथे त्याच्या डोक्याची सावली पडते. लांबी वेगळी मोजावी लागत नाही. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे असेल तर हीच रचना उलटी होते. सावल्या दूर जातात आणि माथ्याच्या रेघा क्षितिजाच्या खाली मिळतात.

जमीन सपाट नसेल तर पायाकडची रेघ फसवते, आणि गडावर सपाट जमीन कमीच. सावली तटबंदीला लागली तर ती तिथून भिंतीवर चढते, पायऱ्यांवर ती तुटक होते. पण माथा, माथ्याची सावली आणि सूर्य हे तीन बिंदू कुठल्याही जमिनीवर एका रेषेत असतातच. शंका आली की त्या रेघेवर विश्वास ठेवावा.

दिशा जमली तरी कड चुकते, आणि ही चूक जास्त वेळा होते. सूर्य हा ठिपका नाही. आकाशात त्याची रुंदी साधारण अर्धा अंश आहे, म्हणून सावलीची कड वस्तूपासून दर मीटरमागे सुमारे 9 मिलिमीटर धूसर होते. बुटाजवळ वस्तू आणि जमीन यांत अंतरच नाही, तिथे कड धारदार असते. आपल्या माणसाच्या डोक्यापासून त्याची सावली उन्हाच्या रेषेत जवळपास 3.9 मीटर दूर आहे, म्हणजे तिथे बाजूची कड साडेतीन सेंटिमीटर पसरते. ऊन तिरपं असल्याने सावलीच्या टोकाला हाच पसारा लांबीच्या दिशेने आठ-नऊ सेंटिमीटर होतो. पायापासून डोक्यापर्यंत एकसारखा ब्लर दिलेली सावली म्हणूनच खोटी दिसते. पायाशी ती उगाच धूसर असते आणि डोक्याशी उगाच ठळक.

यासाठी सावलीचे दोन थर करावेत, एक धारदार आणि एक धूसर, आणि मास्कवर ग्रेडियंट देऊन पायापासून टोकाकडे पहिल्यातून दुसऱ्यात जावं. ब्लर किती, ते फोटोतूनच ठरवता येतं. शेजारच्याच्या डोक्याची सावली 15 सेंटिमीटर रुंद धरली आणि ती फोटोत 60 पिक्सेल भरली, तर साडेतीन सेंटिमीटर म्हणजे 14 पिक्सेल. गॉसियन ब्लरमधला आकडा मात्र 14 नको, कारण तो कडेची पूर्ण रुंदी सांगत नाही. साधारण चौथा भाग, म्हणजे 3 ते 4, पुरतो. शेवटी शेजारच्या सावलीशी ताडून बघावं. पातळ ढग असतील तर हे गणित लागू पडत नाही आणि शेजारची सावलीच प्रमाण मानावी लागते. थर मल्टिप्लायवर ठेवावा म्हणजे खालचं गवत दिसत राहतं. रंग काळा न घेता फोटोतल्या दुसऱ्या सावलीशी जुळवावा. उघड्या आकाशाखालच्या सावलीत निळसर झाक असते.

जुलैत वेल्ह्याचं आभाळ भरलेलं असतं, तेव्हा हे सगळं बाजूला ठेवावं. ढगाळ उजेडाला ठरावीक दिशा नसते. तेव्हा लांब सावली काढणं हीच चूक ठरते. फक्त बुटांच्या खाली आणि लगत एक मऊ, गडद पट्टा लागतो. तो नसेल तर माणूस हवेत तरंगतो.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तपासायलाही हीच रेघांची पद्धत वापरतात. एरिक की, जेम्स ओब्रायन आणि हॅनी फरीद यांनी 2013 मध्ये ती शास्त्रशुद्ध मांडली: सगळ्या रेघा एकाच जागी जुळू शकत नसतील तर फोटोत काहीतरी बदललेलं आहे. मात्र नुसत्या डोळ्यांना सावली विचित्र वाटली म्हणून फोटो खोटा ठरत नाही. केनेडी हत्येतला आरोपी ली हार्वी ओस्वाल्ड याचा परसातला बंदूक धरलेला फोटो सावल्यांमुळेच बनावट म्हटला जायचा. नाकाखालची सावली एकीकडे आणि अंगाची दुसरीकडे पडल्यासारखी दिसते. फरीद यांनी 2009 मध्ये त्या दृश्याचं त्रिमितीय मॉडेल करून तपासलं, तेव्हा दोन्ही सावल्या एकाच सूर्याच्या निघाल्या.