टक्का नव्हे, वेळ बघा

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जीन्सची शिलाई चालते आणि वरच्या खोलीत मी एका ब्रिटिश दुकानसाखळीच्या सर्व्हिस डेस्कची दुपारची शिफ्ट सांभाळते. आठवड्यातले काही दिवस ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला जावं लागतं, बाकी दिवस घरूनच. जिथे बसेन तिथे समोर तीच यादी असते. कुणाचा पासवर्ड अडकलेला, कुणाचा प्रिंटर रुसलेला, आणि प्रत्येक तिकिटासमोर एसएलएचं घड्याळ, म्हणजे ग्राहकाशी केलेल्या करारातली मुदत.

नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट करतात. `Business elapsed percentage` या रकान्यावर क्लिक करून सगळ्यात मोठा टक्का वर आणतात आणि तिथून खाली काम करत जातात. आमच्याच गल्लीतला एक मुलगा हल्ली माझ्या हाताखाली आहे. त्यालाही मी पहिल्या दिवशी हेच सांगितलं, टक्क्याचा रकाना काढून टाक आणि `Breach time` लाव. तो म्हणाला, "ताई, पण लाल रंग तर टक्क्यावरूनच येतो ना?" येतो, आणि घोळ तिथेच होतो.

आम्ही सर्व्हिसनाऊ वापरतो. यादीत दिसणारा टक्का हा त्या क्षणाचा नसतो, तो ठरावीक अंतराने मोजून साठवलेला असतो. नेहमीच्या मांडणीत मुदत दहा मिनिटांवर आली की तो दर मिनिटाला मोजला जातो, तासाच्या आत असेल तर दर दहा मिनिटांनी, दिवसाच्या आत असेल तर दर तासाला. म्हणजे यादीतला ७० टक्क्यांचा आकडा पाऊण तास जुना असू शकतो. `Breach time` मात्र ठरलेली तारीख आणि वेळ आहे, घड्याळ चालू आहे तोवर ती शिळी होत नाही. शिवाय टक्का हा मुदतीचा भाग आहे. तीन दिवसांच्या मुदतीतले ९० टक्के आणि चार तासांच्या मुदतीतले ९० टक्के यांत हाताशी उरलेला वेळ अगदीच वेगळा असतो.

दुसरी खाच कामाच्या वेळेची. ग्राहकाचं ऑफिस त्यांच्या नऊ ते साडेपाच. उन्हाळ्यात ते आपल्याकडचे दुपारी दीड ते रात्री दहा होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की अडीच ते अकरा. बहुतेक तिकिटांचं घड्याळ याच तासांत चालतं आणि रात्रभर थांबतं. पी-वन, म्हणजे दुकानच ठप्प करणारी अडचण, तिचं घड्याळ मात्र चोवीस तास चालू. एकाच यादीत दोन प्रकारची घड्याळं शेजारी शेजारी असतात. त्यामुळे "दोन तास उरले" याचा अर्थ कोणत्या घड्याळाचे दोन तास, हे बघितल्याशिवाय लागत नाही.

एका बुधवारचा प्रसंग सांगते. उन्हाळ्यातला दिवस, आपल्याकडे रात्रीचे आठ दहा. त्या मुलासमोर पाच तिकिटं. सगळ्यात वर लालभडक ९१ टक्के, एका गोदामाचा लेबल प्रिंटर, मुदत तीन दिवसांची. त्याखाली तीन साधी तिकिटं. व्हीपीएन बिघडलेलं, मुदत ८:५०. सामायिक मेलबॉक्सची परवानगी, मुदत ८:५५. नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाही, मुदत ९:००. आणि तळाशी हिरवंगार, जेमतेम १२ टक्के, एका दुकानातली बिलिंगची यंत्रं बंद. पी-वन, चार तासांची मुदत, आठला वीस मिनिटं कमी असताना आलेलं.

मुलाचा हात प्रिंटरकडे गेला. मी म्हटलं, आधी मोज. प्रिंटरचे दोन तास दहा मिनिटं उरलेत, पण त्यांचं ऑफिस आपल्या दहा वाजता मिटतं. आज एक तास पन्नास मिनिटं जातील, उरलेली वीस उद्या. म्हणजे मुदत उद्या दुपारी १:५०. काम वीस मिनिटांचं. आज त्याला हात लावायची गरजच नाही.

उलट पी-वनची मुदत ११:४०. साडेतीन तास आहेत, वरवर भरपूर. पण आपल्या हातचं काम फक्त दहा मिनिटांचं. दुकानाला फोन, किती यंत्रं बंद, तिथलं इंटरनेट चालू आहे का, आणि ही माहिती लिहून नेटवर्क टीमकडे पाठवणं. पुढचं काम त्या टीमचं, आणि अशा बिघाडाला त्यांना तीन तास सहज लागतात. उरलेल्या वेळातून बाकी असलेलं सगळं काम वजा केलं, आपलंही आणि दुसऱ्यांचंही, तर हाताशी फक्त वीस मिनिटं उरतात. त्यात अख्खं दुकान ठप्प, म्हणून तेच तिकीट पहिलं. मुदत आणि काम यांची वजाबाकी घड्याळ करून देत नाही. त्याला काम किती आहे हे ठाऊकच नसतं, ते आपल्यालाच अनुभवाने घालावं लागतं.

८:२० ला ते गेलं. आता तीन साधी. व्हीपीएनला चाळीस मिनिटं लागणार, मेलबॉक्सला दहा, ड्राइव्हला पंधरा. ज्याची मुदत आधी ते आधी, असं धरलं तर व्हीपीएन नऊला संपतं, मेलबॉक्स ९:१० ला, ड्राइव्ह ९:२५ ला. तिन्ही उशिरा. मुदतीच्या क्रमाने काम करण्याचा नियम जॅक्सन यांनी १९५५ मध्ये मांडला. सगळ्यात मोठा उशीर शक्य तितका कमी ठेवायला तो अगदी बरोबर आहे. पण किती जणांना उशीर होतो हे कमी करायचं असेल तर मूर यांची १९६८ ची रीत लागते. मुदतीच्या क्रमाने कामं लावत जा, जिथे मुदत चुकेल तिथे तोवरच्या कामांतलं सगळ्यात लांब काम बाजूला काढ आणि शेवटी ठेव. इथे ते व्हीपीएन. ते मागे टाकलं की मेलबॉक्स ८:३० ला, ड्राइव्ह ८:४५ ला, दोन्ही मुदतीत. एकच उशिरा, ९:२५ ला.

या रीतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. व्हीपीएनवाला त्या रात्री काही महत्त्वाचं पाठवणार असता तर मी हा क्रम लावला नसता. गणिताला माणूस दिसत नाही. म्हणून त्याला आधी विचारलं. त्याला दुसऱ्या दिवशी घरून काम करायचं होतं, म्हणजे रात्रीतून झालं तरी चालणार होतं. साडेनऊपर्यंत होईल असं त्याला मुदत चुकण्याआधी सांगणं, हा माझ्या दृष्टीने त्या क्रमाचाच भाग आहे. मागे टाकलेल्या माणसाला ते ठाऊक असलंच पाहिजे.

दोन जागी घड्याळ चक्क फसवतं. एक, थांबवलेली तिकिटं. ग्राहकाच्या उत्तराची वाट बघत `On Hold` ठेवलं की घड्याळ थांबतं आणि ती यादीत निवांत दिसतात. उत्तर आलं की जितका वेळ उरला होता तितकाच पुन्हा सुरू होतो, कधी पंचवीसच मिनिटं. म्हणून मी थांबवलेल्यांची वेगळी यादी ठेवते आणि दर अर्ध्या तासाने चाळते. मुदत वाचवायला तिकीट मुद्दाम थांबवणारेही असतात. ते ओळखायला सोपं आहे. मुदतीच्या पाच-दहा मिनिटं आधी थांबवलेलं असतं आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिकिटात आधीच लिहिलेलं असतं. असलं दिसलं की मी ते लगेच चालू करते. असं थांबवल्याने कागदावर मुदत पाळली जाते, समोरचा माणूस मात्र अडकलेलाच राहतो.

दोन, मुदत चुकलेली. एकदा चुकलं की ते आणखी चुकत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बघायची कुणालाच घाई राहत नाही. काही जण तर ती यादीतून गाळूनच टाकतात. मी शिफ्ट सुरू करताना आधी तीच उघडते आणि कोण किती दिवस थांबलंय या क्रमाने लावते.

त्या रात्री व्हीपीएन ९:२२ ला चालू झालं. प्रिंटरच्या तिकिटावर मुलाने दुसऱ्या दिवसाच्या शिफ्टसाठी टीप लिहिली. काय तपासायचं, किती वेळ लागेल, आणि मुदत आपल्या घड्याळाने दुपारी १:५०.