‘ती पाठवा’ म्हणजे नक्की काय पाठवायचं?

मराठीत तीन लिंगं आहेत, म्हणून तो-ती-ते लिहिलं की कशाबद्दल बोलणं चाललंय ते आपोआप कळतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. सोसायटीच्या मॅनेजरला असा मेसेज आला समजा: ‘पावती आणि यादी बघितली. यादीत ३ नावं चुकली आहेत. ती दुरुस्त करून सचिवांना पाठवा.’

यादी स्त्रीलिंगी एकवचनी, म्हणून ‘ती’. नावं नपुंसकलिंगी अनेकवचनी, म्हणून तीही ‘ती’च. व्याकरणाने पावतीसुद्धा बसते. ती बाद होते केवळ अर्थावरून. मॅनेजर ३ नावं नीट टाइप करून पाठवतो, सचिव अख्ख्या यादीची वाट बघत बसतात. व्याकरण कुणाचंच चुकलेलं नाही.

क्रियापदावरून उलगडेल म्हणावं, तर ‘चुकली’ हे रूपही दोन्हीकडे सारखंच. फरक दिसतो तो पुढच्या ‘आहे’ आणि ‘आहेत’मध्ये. ‘दुरुस्त करून’ आणि ‘पाठवा’ यांना मात्र लिंगाशी देणंघेणं नाही, आणि कामाचे मेसेज बहुतेक असेच आज्ञार्थी असतात. ‘त्यावर सही घ्या’ तर चेक, पावती, पत्र, कशालाही चालतं.

सर्वनाम नेहमी जवळच्या नामाचं, हाही असाच एक ठोकताळा. ‘चेक लिफाफ्यात घातलाय, तो आज बँकेत भरा.’ जवळचं नाम लिफाफा, पण लिफाफा कुणी बँकेत भरत नाही. वाचणारा अंतर मोजत नाही. विषय कशाचा चाललाय आणि क्रिया कशाला लागू पडते, ते बघतो. म्हणूनच ‘तो फाडू नका’ लिहिलं की घोटाळा होतो, कारण चेकही फाटतो आणि लिफाफाही.

मूळ मेसेज धरून उत्तर दिलं की प्रश्न मिटतो, असंही म्हणतात. त्याने कुठला मेसेज ते कळतं, त्यातलं काय ते नाही. एकाच मेसेजात वीजबिल आणि प्लंबर अशी दोन कामं असली, की ‘ते झालं का?’ला आलेलं ‘हो’ कुठल्या कामाचं? शिवाय ‘ते’ एखाद्या वस्तूऐवजी मागच्या सगळ्या प्रकरणालाच लागू शकतं.

शाळेत पुनरुक्ती टाळायला शिकवतात, म्हणून तेच नाम पुन्हा लिहायला हात धजत नाही. निबंधात ते ठीक. कामाच्या मेसेजात नाम दोनदा आलेलं कुणाला खटकत नाही. पाठवण्याआधी सर्वनामाच्या जागी मागचं एकेक नाम ठेवून वाचावं. दोन नामांनी वाक्य जुळलं, तर सर्वनाम काढावं: ‘यादीतली ३ नावं दुरुस्त करा आणि पूर्ण यादी सचिवांना पाठवा. पावती पाठवायची नाही.’